एकाच डोळ्याला मायनसही आणि प्लसही? चष्म्याचा कागद समजून घ्यायचा आहे

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, यंदा सहावीत गेली. फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणायला लागली, म्हणून सुट्टीत तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थेंब घालून तपासणी झाली आणि नंबर निघाला. डॉक्टरांच्या कागदावर उजव्या डोळ्यासमोर लिहिलंय: −३.५० / +१.५० × ९०.

तोच कागद घेऊन चष्मा करायला टाकला. चष्म्याबरोबर दुकानातून जे कार्ड मिळालं त्यावर त्याच डोळ्याचा नंबर असा आहे: −२.०० / −१.५० × १८०.

साडेतीनचे दोन कसे झाले? प्लस कुठे गेला? दुकानात विचारलं तर "दोन्ही एकच आहे ताई" एवढंच उत्तर मिळालं. मुळात एकाच डोळ्याला मायनस आणि प्लस दोन्ही असतात का? मुलीला जवळचं तर व्यवस्थित दिसतं, पुस्तक नाकाशी धरून वाचते. कुणी नीट समजावून सांगेल का?

दत्ताभाऊ_बार्शी

मृण्मयीताई, घाबरू नका. मायनस म्हणजे लांबचा नंबर आणि प्लस म्हणजे जवळचा. माझाही तसाच आहे, वर मायनस सव्वा आणि खाली वाचायला प्लस. एका काचेत दोन भाग करून देतात. मुलीला जवळचं दिसतंय म्हणजे प्लसची गरज नसेल, म्हणून दुकानदाराने तो काढून टाकला असणार. पण इतक्या लहान वयात जवळचा नंबर कसा लागला हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

गुरुजी_दहावीब

दत्ताभाऊ, तुमच्या चष्म्याच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण इथला प्लस तो नव्हे. वाचायचा नंबर कागदावर वेगळा, 'ॲड' म्हणून लिहिलेला असतो. इथे प्लसच्या पुढे × ९० आहे. ज्या आकड्यापुढे अंश लिहिलेले असतात तो सिलिंडरचा नंबर. त्याचा जवळच्या-लांबच्याशी संबंध नाही.

मी दहावीला भिंगांचा धडा शिकवतो. पुस्तकात निकटदृष्टितेची आकृती असते: लांबून आलेले समांतर किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एका बिंदूत मिळतात, अंतर्वक्र भिंग लावलं की ते मागे सरकून पटलावर मिळतात. दूरदृष्टितेत उलट, किरण पटलापर्यंत येऊनही मिळालेले नसतात, मग बहिर्वक्र भिंग. मुलं आकृती छान काढतात. पण त्या आकृतीत सगळे किरण एकाच बिंदूत मिळतात असं गृहीत धरलेलं असतं. या मुलीच्या डोळ्यात नेमकं तेच होत नाहीये. पुढचं मिरजकरांनी सांगावं, त्यांचं ते रोजचं काम आहे.

मिरजकर

हो, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नंबर काढणं हेच काम. सावकाश सांगतो.

आधी नुसत्या मायनसचं. किरण वळवण्याची ताकद आणि चष्म्याचा नंबर, दोन्ही डायॉप्टरमध्ये मोजतात. डोळ्याची अशी एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर असते आणि त्यातले सुमारे ४३ डायॉप्टर एकटं पारपटल देतं, म्हणजे बुबुळापुढचा तो पारदर्शक पडदा. आतल्या भिंगाचा वाटा उरलेला. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. ही ताकद आणि ही लांबी एकमेकांना जुळली की लांबचं चित्र बरोबर पटलावर उमटतं. डोळा एक मिलिमीटरने जास्त लांब झाला की अडीच ते तीन डायॉप्टरचा मायनस नंबर येतो. शाळकरी मुलांचा नंबर दरवर्षी वाढतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. डोळा मागच्या बाजूला वाढत असतो.

किरण अलीकडे मिळाले म्हणून तिथेच थांबत नाहीत. एकमेकांना छेदून ते पुढे पसरतात आणि पटलावर बिंदूऐवजी ठिपका पडतो. प्रत्येक बिंदूचा असा ठिपका झाला की फळ्यावरचं अक्षर पुसट दिसतं. आता वस्तू जवळ आणत गेलो तर किरण डोळ्यापाशी येताना आधीच पसरत येतात, त्यामुळे त्यांचा मिळण्याचा बिंदू मागे सरकतो. एका अंतरावर तो बरोबर पटलावर येतो. −२.०० नंबरच्या डोळ्यासाठी ते अंतर अर्धा मीटर. एक भागिले दोन. तिथपर्यंत त्या डोळ्याला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, त्यापुढे नाही. तुमची मुलगी पुस्तक नाकाशी धरते ते यासाठीच.

−२.०० ची काच समांतर किरणांना अशी पसरवते की ते अर्ध्या मीटरवरून निघाल्यासारखे डोळ्यात शिरतात. फळा पाच मीटरवर असो की डोंगर पाच किलोमीटरवर, काच त्याचं चित्र त्या डोळ्याला दिसेल इतक्या जवळ आणून ठेवते. डोळा मुळीच बदलत नाही.

आता सिलिंडर. आडवा ठेवलेला आंबा समोरून बघा. डावीकडून उजवीकडे त्याचा बाक कमी असतो आणि वरून खाली जास्त. तुमच्या मुलीचं पारपटल बहुधा तसं आहे, अर्थात फरक अगदी सूक्ष्म. जिथे बाक जास्त तिथे किरण जास्त वळतात. त्यामुळे उभ्या दिशेतले किरण पटलाच्या बरेच अलीकडे मिळतात आणि आडव्या दिशेतले थोडे कमी अलीकडे. एका बिंदूपासून निघालेला प्रकाश एका बिंदूत कधीच गोळा होत नाही. आधी एक आडवी रेष तयार होते, मग काही अंतराने मागे एक उभी रेष. दोन्हींच्या मधे कुठेतरी गोलसर ठिपका. लांबची वस्तू असो की जवळची, ओढाताण तीच.

अशा डोळ्याला एकच गोल नंबर दिला तर एक रेष पटलावर येईल, दुसरी हुकेल. म्हणून दोन दिशांना दोन वेगवेगळी ताकद असलेली काच लागते.

आता तुमचा कागद. −३.५० / +१.५० × ९० म्हणजे: सगळीकडे −३.५० द्या आणि त्यावर +१.५० चा सिलिंडर असा ठेवा की त्याचा अक्ष उभा, ९० अंशांवर असेल. सिलिंडरला अक्षाच्या दिशेने काहीच ताकद नसते, ती अक्षाला काटकोनात असते. म्हणून उभ्या दिशेला −३.५० तसाच राहिला आणि आडव्या दिशेला −३.५० मध्ये +१.५० मिळवून −२.०० झाला.

दुकानाचं कार्ड: सगळीकडे −२.०० आणि वर −१.५० चा सिलिंडर, अक्ष आडवा. आडव्या दिशेला −२.०० राहिला, उभ्या दिशेला −२.०० आणि −१.५० मिळून −३.५०. काच तीच. काही डॉक्टर प्लस सिलिंडरमध्ये लिहितात, काचा घडवणारे बहुतेक मायनसमध्ये काम करतात. बदलण्याची रीत अशी: दोन आकड्यांची बेरीज हा नवा पहिला आकडा, सिलिंडरचं चिन्ह उलटं आणि अक्ष ९० अंशांनी फिरवायचा. उजव्या डोळ्यापुरतं दुकानदारांनी बरोबर सांगितलं.

डाव्या डोळ्याचं काय लिहिलंय?

मृण्मयी_नाशिक

मिरजकर सर, खूप खूप आभार. पहिल्यांदा कळलं की प्लस गायब झालेला नाही.

डाव्याचं डॉक्टरांनी लिहिलंय −३.२५ / +१.२५ × ८०. कार्डावर आहे −२.०० / −१.२५ × ८०. तुमच्या रीतीने बेरीज बरोबर आली, चिन्हही उलटं आहे.

एक सांगायचं राहिलं. चष्मा लावून तिला आठ-दहा दिवस झाले. जमीन वाकडी वाटते म्हणते आणि सारखी चष्मा काढून ठेवते. सवय होईल म्हणून मी तिला रागावले.

सुहास_मस्कत

ताई, एवढ्या कटकटीपेक्षा लेसर करून टाका. माझ्या मेहुण्याचा मायनस पाच एका दिवसात गेला. हे चष्मे आयुष्यभर कशाला?

मिरजकर

सुहास, अकरा वर्षांच्या मुलीला ते करत नाहीत. डोळा वाढतोय तोवर नंबर बदलत राहणार. साधारण अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आणि नंबर स्थिरावल्यावरच तो विचार.

मृण्मयीताई, डाव्या डोळ्याचा अक्ष पुन्हा बघा. चिन्ह उलटलं, बेरीज केली, पण अक्ष फिरवलेला नाही. ८० चा १७० व्हायला हवा होता. नुसतं कार्डावर चुकीचं लिहिलं असेल तर काही बिघडलेलं नाही. पण काचही तशीच बनली असेल, तर मुलीच्या तक्रारीत तथ्य आहे. तिला रागावू नका.

काय होतं ते सांगतो. डाव्या डोळ्याला उभ्याच्या आसपासच्या दिशेला −३.२५ हवा आणि आडव्याच्या आसपास −२.००. अक्ष ८० वर बसवला तर नेमकं उलटं होतं: उभ्याला −२.०० मिळाला, आडव्याला −३.२५. म्हणजे उभ्या दिशेत सव्वा डायॉप्टर कमी पडला, आडव्या दिशेत सव्वा जास्त झाला. उभ्या दिशेतले किरण अजूनही पटलाच्या अलीकडेच मिळतात आणि आडव्या दिशेतले आता पटलाच्या पलीकडे गेले. चष्मा नसताना दोन रेषांमध्ये सव्वा डायॉप्टरचं अंतर होतं, चष्मा लावल्यावर ते अडीचचं झालं. दोष दुप्पट.

घरी पाहता येईल. भिंतीवरचं गोल घड्याळ घ्या, त्यापासून दोन-तीन मीटर लांब उभ्या राहा. चष्मा हाताच्या अंतरावर, नेहमी डोळ्यांवर असतो तसाच सरळ धरा आणि एका वेळी एका काचेतून घड्याळ बघा. स्वतःचा एक डोळा मिटा. मायनस काच चित्र लहान करते आणि जिथे मायनस जास्त तिथे जास्त लहान करते. तिच्या दोन्ही डोळ्यांना उभ्या दिशेलाच जास्त मायनस हवा आहे, म्हणून दोन्ही काचांतून घड्याळ वरून-खालून दाबल्यासारखं, आडवं दिसायला हवं. एका काचेतून आडवं आणि दुसरीतून उभट दिसलं तर काच चुकली.

प्राजक्ता_ठाणे

मधेच घुसते, क्षमस्व, पण माझं प्रकरण बरोबर उलटं आहे आणि मला कुणी असं समजावलंच नाही.

वय ३८. लहानपणापासून माझी नजर उत्तम. ट्रेनच्या इंडिकेटरवरचं सगळ्यात आधी मी वाचायची. गेलं वर्षभर संध्याकाळी कपाळ दुखतं, मोबाईल वाचताना अक्षरं फिस्कटतात. मला वाटलं चाळिशी लवकर आली. तपासायला गेले तर डॉक्टर म्हणाले, हा दीर्घदृष्टीचा नंबर, जन्मापासूनचा असणार. आधी +१.०० निघाला, थेंब घातल्यावर +२.२५. चष्मा +१.५० चा दिला आणि तो दिवसभर लावायला सांगितलाय, म्हणजे लांबचं बघतानाही. लावला तर लांबचं उलट पुसट दिसतं! जे छान दिसत होतं ते बिघडवणारा चष्मा मी का लावायचा?

दत्ताभाऊ_बार्शी

म्हणजे दीर्घदृष्टी असली की लांबचं चांगलं दिसतं आणि जवळचं नाही, हेच ना? मग फक्त वाचताना लावा की. दिवसभर कशाला? मी तर गाडी चालवताना वाचायचा भाग वापरतच नाही.

मिरजकर

दत्ताभाऊ, चाळिशीनंतरच्या वाचायच्या नंबराला ते लागू आहे. चाळिशीत डोळ्याची लांबी आणि ताकद ठीक असू शकते, फक्त आतलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं बघायला फुगत नाही. प्राजक्ताताईंचं वेगळं आहे.

प्राजक्ताताई, तुमचा डोळा थोडा आखूड असणार. सैल सोडलेल्या डोळ्यात लांबचे किरण पटलाच्या पलीकडे मिळाले असते, म्हणजे लांबचंही पुसटच. पण आतल्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळला की भिंग फुगतं, ताकद वाढते आणि किरण पुढे ओढून पटलावर आणले जातात. हे काम तुमचा डोळा जन्मापासून, झोपेची वेळ सोडून, सतत करत आला आहे. तुम्हाला कधी कळलंच नाही, कारण लहानपणी ही क्षमता दहा डायॉप्टरच्याही वर असते. त्यातले सव्वा दोन रोज खर्च झाले तरी काही जाणवत नाही.

आता ३८ व्या वर्षी ती साधारण सहापर्यंत उतरलेली असते. लांबचं बघायला तुमचे सव्वा दोन गेले. मोबाईल ४० सेंटिमीटरवर धरला तर त्यासाठी आणखी अडीच. झाले पावणेपाच, जेमतेम सहामधले. एवढा जोर कुठलाही स्नायू दिवसभर लावू शकत नाही. कपाळ त्यामुळे दुखतं. प्लसची काच किरण आधीच थोडे एकत्र आणते, म्हणजे उरलेलं काम डोळ्याला कमी.

मग लांबचं पुसट का? स्नायू इतकी वर्षं आवळलेला, तो एकदम सैल होत नाही. वर चष्म्याचा प्लस आला की दोघांची मिळून ताकद जास्त होते आणि किरण पटलाच्या अलीकडे मिळतात. तुम्ही थोडा वेळ निकटदृष्टीच्या होता. थेंबांशिवाय एकच निघाला आणि थेंबांनी स्नायू सैल झाल्यावर सव्वा दोन, तो फरक म्हणजे हाच न सुटलेला ताण. डॉक्टरांनी मधला आकडा दिला तो विचारपूर्वक. लावत राहिलात तर काही आठवड्यांत स्नायू सुटतो आणि लांबचंही स्वच्छ दिसू लागतं.

प्राजक्ता_ठाणे

हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणजे 'लांबचं छान दिसतं' हा पुरावा नव्हताच, डोळा ओढून ताणून ते छान करत होता. पण मग पुढे पूर्ण +२.२५ लावावा लागेल का? आणि माझ्या सात वर्षांच्या मुलालाही हे असू शकतं का? त्यालाही सगळं दिसतं.

मिरजकर

पुढे किती लावायचा हे तुम्ही पहिल्या नंबरावर किती सैलावता त्यावर ठरेल, आज सांगता येणार नाही. काही जण +१.५० वर बरीच वर्षं आरामात काढतात.

मुलाला असू शकतं, आणि नुसता फळा वाचायला लावून ते कळणार नाही, कारण तो आवळून वाचेल. मुलांची तपासणी थेंब घालून करतात ती त्यासाठीच. मशिनमध्ये बघतानाही मुलं आतलं चित्र जवळ आहे असं समजून डोळा आवळतात, मग मायनस जास्त आणि प्लस कमी निघतो. मृण्मयीताईंच्या डॉक्टरांनी थेंब घातले होते, म्हणून तो कागद मी विश्वासार्ह मानतो.

मृण्मयी_नाशिक

सर, घड्याळ पाहिलं. उजव्या काचेतून आडवं, पसरट. डाव्या काचेतून स्पष्ट उभं, लांबट, अंड्यासारखं. नवऱ्यालाही न सांगता बघायला लावलं, तोही तेच म्हणाला. किंचित तिरकंही वाटलं.

आणखी एक केलं. माझ्या बहिणीने सुचवलं की पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून बघायला लावायचं. मुलीने डाव्या डोळ्यावर चष्मा ठेवून, उजवा झाकून, कॅलेंडरवरचे वार वाचले तेव्हा अडखळत होती. भोकातून पाहिल्यावर सगळे वाचले. म्हणजे भोक चष्म्यापेक्षा चांगलं? मला तर भीती वाटली.

मिरजकर

भीती नाही, उलट चांगली बातमी आहे. भोक किरण वळवत नाही, फक्त मधले थोडे किरण आत सोडतं. पातळ शलाका पटलाच्या अलीकडे मिळो की पलीकडे, पटलावर पडणारा ठिपका लहानच राहतो. म्हणून कुठलाही नंबर चुकलेला असला तरी भोकातून सुधारतं. सुधारलं नसतं तर दोष किरण जुळवण्यात नाही, पटलात किंवा दुसरीकडे आहे असं समजून लगेच डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं. तिच्या डाव्या डोळ्याची नजर आहे, काच तिला ती वापरू देत नाही.

तिरकं वाटलं तेही बरोबर, कारण ८० म्हणजे सरळ उभं नाही, दहा अंश कललेलं.

उद्या चष्मा आणि डॉक्टरांचा कागद, दोन्ही घेऊन जा. कार्ड बाजूला ठेवा. डावी काच लेन्सोमीटरवर लावून अक्ष तुमच्यासमोर मोजायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

गुरुजी_दहावीब

या धाग्यावर एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण मृण्मयीताईंनी केलं तसलंच काहीसं पूर्वी एका माणसाने केलं होतं. जॉर्ज एअरी, केंब्रिजचा गणिती, पुढे इंग्लंडचा राजखगोलशास्त्रज्ञ झाला. त्याच्या डाव्या डोळ्याला काही केल्या वाचता येईना, साध्या अंतर्वक्र काचांनी फरक पडेना. त्याने कागदाला टाचणीने भोक पाडलं, उजेडाकडे धरलं आणि तो प्रकाशाचा ठिपका डोळ्याच्या जवळ-दूर नेऊन पाहिला. सहा इंचांवर ठिपक्याची एक तिरकी स्वच्छ रेष झाली. साडेतीन इंचांवर पुन्हा रेष, पण पहिलीला काटकोनात. मिरजकर ज्या दोन रेषा म्हणतात त्याच.

आकडे करून बघा. सहा इंच म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, एक भागिले ०.१५, जवळपास साडेसहा डायॉप्टर. साडेतीन इंच म्हणजे ९ सेंटिमीटरच्या आत, साधारण सव्वा अकरा. दोन दिशांमध्ये पावणेपाचाचा फरक. त्याने १८२५ साली याचा हिशोब मांडून एका बाजूने गोलाकार आणि दुसऱ्या बाजूने सिलिंडरसारखी अंतर्वक्र अशी काच इप्सविचच्या एका कारागिराकडून करून घेतली आणि तो डोळा वाचू लागला. दोष त्याच्या आधी, १८०१ साली, थॉमस यंगने स्वतःच्या डोळ्यात मोजून लिहून ठेवला होता, पण काच घडवून डोळा सुधारला तो एअरीने.

दत्ताभाऊ_बार्शी

गुरुजी, सुंदर माहिती. पण माझी शंका राहिलीच. आमच्या पुतण्याच्या डॉक्टरांनी मुद्दाम अर्धा नंबर कमी दिला. म्हणाले पूर्ण दिला की डोळा आळशी होतो आणि नंबर वाढतो. मग या मुलीला पूर्ण साडेतीन का? थोडा कमी देऊन डोळ्याला काम करू द्यावं ना.

मिरजकर

हा सल्ला खूप ठिकाणी मिळतो, पण मला तो पटत नाही. प्लसच्या डोळ्याला 'काम करून' फरक भरून काढता येतो, प्राजक्ताताईंच्या बाबतीत पाहिलंच. मायनसच्या डोळ्यात किरण आधीच अलीकडे मिळतात. स्नायू आवळला तर ते आणखी अलीकडे येतील, म्हणजे आणखी पुसट. तिथे डोळ्याकडे करण्यासारखं कामच नाही. कमी नंबर दिल्याने वाढ मंदावते असंही दिसलेलं नाही. जास्त मायनस देऊ नये, हे मात्र खरं, कारण तो मूल आवळून खपवून घेतं आणि तक्रार करत नाही.

वाढ रोखण्यासाठी काय करावं यावर डॉक्टरांचं एकमत नाही. रोज बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. पण एकदा लागलेला नंबर त्याने किती थांबतो हे तितकं स्पष्ट नाही. अट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब काही जण देतात, काही जण देत नाहीत. ते तिच्या डॉक्टरांनीच ठरवावं.

मृण्मयी_नाशिक

दुकानात जाऊन आले. लेन्सोमीटरवर डाव्या काचेचा अक्ष ८० निघाला. कागद समोर ठेवल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं, काच बदलून देणार आहेत, पैसे घेणार नाहीत.

मुलीला घरी आल्यावर सांगितलं की तू बरोबर होतीस. तोपर्यंत जुनाच लावू की चष्म्याशिवाय राहू दे?

मिरजकर

डाव्या काचेने दोष वाढतोय, त्यामुळे काच येईपर्यंत चष्मा नको. दोन-चार दिवस तिला वर्गात पहिल्या बाकावर बसवायला सांगा.

प्राजक्ता_ठाणे

माझं थोडक्यात. दिवसभर लावते आहे. लांबचं अजून पुसट, पण सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त. कपाळ दुखणं खूप कमी झालंय. मुलाची तपासणी पुढच्या आठवड्यात, थेंब घालूनच करा असं सांगून ठेवलंय.

मृण्मयी_नाशिक

नवी काच आली. दुकानातच लेन्सोमीटरवर बघून घेतली, अक्ष १७०. घरी घड्याळ दोन्ही काचांतून आडवं दिसतंय. डाव्या डोळ्याने कॅलेंडरवरचे वार तिने भोकाशिवाय वाचले. शाळेतून आली ती फळ्यावरचं काय काय दिसलं तेच सांगत होती.

पण जमीन अजून थोडी कललेली वाटते म्हणते. आधीइतकी नाही. पुन्हा काही चुकलंय का?

मिरजकर

चुकलेलं असेलच असं नाही. घड्याळ जसं हाताच्या अंतरावर दाबल्यासारखं दिसलं, तसं डोळ्यावर चष्मा असतानाही चित्र एका दिशेला थोडं जास्त लहान होतं, अगदी किंचित. मेंदूला आजवर दुसऱ्या आकाराची सवय होती. त्यात डाव्या काचेचा अक्ष दहा अंश तिरका असल्यामुळे दोन डोळ्यांची चित्रं वेगवेगळ्या दिशेला दबतात. एक-दोन आठवडे सलग लावल्यावर बहुतेक मुलांना ते जाणवेनासं होतं. मधे मधे काढून ठेवला तर मात्र जास्त दिवस लागतात.

दोन आठवड्यांनंतरही कललेलं वाटलं, किंवा डाव्याने उजव्यापेक्षा पुसट दिसायला लागलं, तर अक्ष बारकाईने तपासून घ्यायचा. काच १७० वर आहे, पण डोळ्याला १६० हवा असेल तर त्या दहा अंशांच्या फरकाने सिलिंडरचा जवळपास एक तृतीयांश भाग दुरुस्तीविना उरतो. तिच्या सव्वाच्या नंबरात तो ०.४० च्या थोडा वर येतो, आणि एवढा चौकस मुलीला जाणवतो. फरक तीस अंशांचा झाला तर चष्म्याने काही साधलंच नाही इतका दोष उरतो. फ्रेम वाकडी बसली तरी तेच होतं. रोज सकाळी शाळेत जाताना फ्रेम नाकावर सरळ आहे ना, तेवढं आरशात बघायला सांगा.

मृण्मयी_नाशिक

फ्रेम डाव्या कानाकडे खाली घसरते, हे आत्ता लक्षात आलं. उद्या दांडी आवळून घेते आणि दोन आठवड्यांनी इथेच कळवते.